आर-स्क्वेअर्डचा आकडा मोठा, पण कुणाच्या तुलनेत?

नोव्हेंबर १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत अध्यक्षीय भाषण करताना जॉर्ज उडनी यूल यांनी श्रोत्यांपुढे एक आलेख ठेवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८६६ ते १९११ या काळात झालेल्या सगळ्या विवाहांपैकी किती विवाह चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने झाले, ते त्यावर होतं आणि सोबत त्याच वर्षांचा मृत्युदर होता. दोन्ही मालिका जवळजवळ हातात हात घालून खाली उतरत होत्या. त्यांच्यातला सहसंबंध ०.९५१२ इतका भरला. तो पूर्ण १ झाला असता, तर एक आकडा कळल्यावर दुसरा नेमका सांगता आला असता.

चर्चमध्ये लग्न केल्याने माणसं मरत नाहीत, हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. यूल यांचा मुद्दा त्याच्या पुढचा होता. थोडी कल्पकता असली की कशाचंही स्पष्टीकरण देता येतं, हे त्यांनी आधीच बोलून दाखवलं. विज्ञानाचा प्रसार झाला म्हणून लोक चर्चपासून दुरावले आणि विज्ञानामुळेच मृत्यू घटले, असं कुणी उत्साहाने म्हणेल. त्यांना हे पटत नव्हतं. काळाबरोबर सरकणाऱ्या दोन मालिकांमध्ये असा मोठा सहसंबंध काहीही संबंध नसताना का निघतो, हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी छापलेल्या त्यांच्या निबंधाने अशा सहसंबंधांना ‘निरर्थक’ हेच विशेषण दिलं.

आज हेच गणित कुणी संगणकावर रिग्रेशन म्हणून केलं, तर ०.९५१२ चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.९०५ हा आकडा आर-स्क्वेअर्ड म्हणून छापून येईल. अहवालात त्याचा अर्थ असा लिहिला जाईल: ‘मृत्युदरातल्या चढउतारांपैकी ९० टक्के चढउतार चर्चमधल्या विवाहांच्या प्रमाणाने स्पष्ट होतात.’ हे वाक्य गणिताच्या दृष्टीने चूक नाही. फसवणूक ‘स्पष्ट होतात’ या शब्दांत आहे, आणि ती कळायला आर-स्क्वेअर्ड नेमकं काय मोजतो ते आधी पाहायला हवं.

आर-स्क्वेअर्ड ही दोन अंदाजांची तुलना आहे. समजा तुम्हाला एका मालिकेतल्या प्रत्येक आकड्याचा अंदाज बांधायचा आहे आणि दुसरी कोणतीही माहिती हाताशी नाही. मग सगळीकडे सरासरीच सांगणं एवढाच मार्ग उरतो. त्यात होणाऱ्या चुकांचे वर्ग करून बेरीज घ्या. मग दुसरी मालिका हाताशी घेऊन रिग्रेशनची रेषा काढा आणि त्या रेषेवरून अंदाज बांधा. या अंदाजांतल्या चुकांच्या वर्गांचीही बेरीज घ्या. दुसरी बेरीज पहिलीपेक्षा जितके टक्के कमी, तितका आर-स्क्वेअर्ड. ०.९ म्हणजे रेषेमुळे सरासरीची ९० टक्के चूक गेली, एवढंच. आकडा मोठा येण्यासाठी रेषा चांगली असावी लागते, किंवा सरासरी फार वाईट असावी लागते. यातल्या दुसऱ्या शक्यतेचा विचार सहसा होत नाही.

वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या मालिकेत सरासरी खरोखरच फार वाईट अंदाज असते. सुरुवातीच्या सगळ्या वर्षांना ती जास्त पडते, शेवटच्या सगळ्या वर्षांना कमी. अशा मालिकेत सरासरी हा लिंबूटिंबू गडी आहे. त्याला जी कोणती मालिका सातत्याने वर किंवा खाली जाते, ती सहज हरवते.

एक छोटं उदाहरण सोडवून बघू. आकडे मी मुद्दाम रचलेले आहेत, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही ताळा करता येईल. एका गावात नऊ वर्षांत ट्रॅक्टरांची संख्या अशी वाढली: १०, १३, १४, १७, १८, २१, २२, २५, २६. त्याच वर्षांत गावच्या वाचनालयाचे सभासद असे होते: १००, १०६, ११२, ११४, ११६, १२२, १२८, १३०, १३२.

सभासदांची सरासरी जवळपास ११८ येते. दर वर्षी ११८ असाच अंदाज केला, तर चुकांच्या वर्गांची बेरीज ९८० होते. ट्रॅक्टरांवरून रेषा काढली, तर ती बेरीज २५ वर येते. आर-स्क्वेअर्ड ०.९७. रेषेचा उतार सांगतो की एका ट्रॅक्टरमागे साधारण दोन सभासद वाढतात. यावर एक चांगला परिच्छेदही लिहिता येईल: यांत्रिकीकरणाने वेळ वाचला, हाती पैसा आला, वाचनाची आवड वाढली. वाचणाऱ्याला ते पटेलही, कारण अशी गोष्ट अशक्य मुळीच नाही.

आता तेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहू. दर वर्षी किती भर पडली ते काढा. ट्रॅक्टर आळीपाळीने ३, १, ३, १ असे वाढले. सभासद ६, ६, २, २, ६, ६, २, २ असे वाढले. ज्या चार वर्षांत ट्रॅक्टर तीन-तीन आले, त्या वर्षांत सभासद ६, २, ६, २ वाढले, म्हणजे सरासरी ४. ज्या चार वर्षांत ट्रॅक्टर एकेकच आला, त्या वर्षांतही सभासद ६, २, ६, २ वाढले; सरासरी पुन्हा ४. ट्रॅक्टर जास्त आले काय किंवा कमी आले काय, सभासदांना त्याचा पत्ताच नाही. या वार्षिक बदलांचं रिग्रेशन केलं, तर आर-स्क्वेअर्ड नेमका शून्य येतो. आकडे तेच, गाव तेच, पण एका मांडणीत ०.९७ आणि दुसरीत ०.

मग ते ०.९७ आलं कुठून? त्याच्या उत्तरासाठी ट्रॅक्टर बाजूला ठेवा आणि त्यांच्या जागी नुसता वर्षाचा क्रमांक घाला: १, २, ३ असे ९ पर्यंत. आता आर-स्क्वेअर्ड ०.९८ येतो. म्हणजे सभासदांचा अंदाज ट्रॅक्टरांपेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर अधिक चांगला देतं. ट्रॅक्टरांनी जे काही ‘स्पष्ट’ केलं, ते त्यांच्या आकड्यांत कॅलेंडर लपलेलं होतं म्हणून. यूल यांच्या आलेखातही हेच घडलं होतं.

इथे अनेकांना ॲडजस्टेड आर-स्क्वेअर्ड आठवतो. एक्सेलमध्ये रिग्रेशन केलं की R Square च्या खालच्याच ओळीत Adjusted R Square छापून येतो, आणि ‘ॲडजस्टेड’ शब्दावरून वाटतं की असले सगळे दोष त्यात दुरुस्त झाले असतील. पण तो एका वेगळ्या दुखण्यावरचा इलाज आहे. रिग्रेशनमध्ये आणखी एक मालिका घातली की साधा आर-स्क्वेअर्ड कधीच कमी होत नाही, मग ती मालिका कितीही निरुपयोगी असो. तेव्हा केवळ मालिका वाढवून आकडा फुगवता येतो. ॲडजस्टेड आर-स्क्वेअर्ड दर नव्या मालिकेमागे थोडा दंड लावतो. एक वजा आर-स्क्वेअर्ड, म्हणजे न सुटलेला भाग, तो घेतो; निरीक्षणांच्या संख्येतून एक वजा करून त्याने त्याला गुणतो; आणि निरीक्षणांच्या संख्येतून स्पष्टीकरणाच्या मालिकांची संख्या व आणखी एक वजा करून त्याने भागतो. जे येईल ते एकमधून वजा केलं की झाला ॲडजस्टेड आकडा.

यूल यांच्या ४६ वर्षांना हे लावून पाहा. न सुटलेला भाग ०.०९५, त्याला ४५ ने गुणून ४४ ने भागलं की ०.०९७. ॲडजस्टेड आर-स्क्वेअर्ड ०.९०३. मूळ ०.९०५ होता, फरक तिसऱ्या दशांश स्थानावर पडला. आपल्या गावाच्या उदाहरणात नऊच वर्षं आहेत, तरी ०.९७५ चा ०.९७१ होतो. दंड मालिकांच्या संख्येवर आहे आणि इथे मालिका एकच आहे. ती निरर्थक आहे, हे त्या सूत्राला दिसण्याचा काही मार्गच नाही.

पण त्याला योग्य जागी उभं केलं, तर तो चोख उत्तर देतो. गावाच्या रिग्रेशनमध्ये वर्षाचा क्रमांक आधी घालू आणि मग ट्रॅक्टरांची भर टाकू. साधा आर-स्क्वेअर्ड ०.९८०० वरून ०.९८०४ वर जातो. वाढला म्हणून कुणी खूशही होईल. ॲडजस्टेड मात्र ०.९७७ वरून ०.९७४ वर उतरतो. कॅलेंडर हिशेबात धरल्यावर ट्रॅक्टरांना सांगण्यासारखं काही नाही, हे त्याने बरोबर ओळखलं. वार्षिक बदलांच्या रिग्रेशनमध्ये तर तो शून्याच्याही खाली, उणे ०.१७ वर जातो. म्हणजे सूत्रात खोट नाही. कॅलेंडर आपणच हिशेबाबाहेर ठेवलं, तर सूत्र ते आपण होऊन आत आणत नाही.

इथवर वाटेल की वर्षाचा क्रमांक घातला की प्रश्न मिटला. तसं असतं तर बरं झालं असतं. अर्थशास्त्रातल्या बऱ्याच मालिका, शेअरचे भाव, विनिमय दर, किमतींचे निर्देशांक, एका सरळ कलावर थोड्या वरखाली होत चाललेल्या नसतात. त्या भटकतात. आजचा आकडा म्हणजे कालचा आकडा अधिक एक नवा धक्का. उद्याचा म्हणजे आजचा अधिक आणखी एक. प्रत्येक धक्का मालिकेत कायमचा मुरतो. नाणं उडवून छाप आला की एक पाऊल वर, काटा आला की एक पाऊल खाली, असं शंभर वेळा करून त्याचा आलेख काढा. त्यात लांबच लांब चढ दिसतील, मोठे उतार दिसतील, आणि प्रत्येकाला काही तरी कारण असणार असं वाटेल. कारण काहीच नसतं. संख्याशास्त्रात याला रँडम वॉक म्हणतात.

नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये या मालिकांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या रँडम वॉकच्या जोड्या तयार केल्या, प्रत्येकी ५० आकड्यांच्या, आणि एकीचं दुसरीवर रिग्रेशन केलं. नेहमीच्या चाचणीने, ५ टक्के पातळीवर, शंभरातल्या पाचेक जोड्यांत चुकून संबंध दाखवायला हवा होता. तिने सुमारे तीन चतुर्थांश जोड्यांत तो दाखवला. स्पष्टीकरणासाठी पाच असंबद्ध मालिका एकदम घातल्या, तेव्हा हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही पुढे गेलं आणि दंड लावून काढलेल्या आर-स्क्वेअर्डची सरासरीही ०.५ च्या वर राहिली.

चाचणी इतकी कशी चुकते? ती धरून चालते की प्रत्येक वर्षाची चूक स्वतंत्र आहे, म्हणजे पन्नास वर्षं म्हणजे पन्नास वेगवेगळे साक्षीदार. भटकणाऱ्या मालिकेत तसं नसतं. यंदा आकडा सरासरीच्या वर असेल, तर पुढच्या वर्षीही तो बहुधा वरच असतो, कारण तो तिथूनच पुढे निघतो. पन्नास साक्षीदारांपैकी बहुतेक जण शेजाऱ्याचीच साक्ष पुन्हा सांगत असतात. आपण मात्र ती पन्नास वेळा मोजतो.

यावर ‘मग अधिक वर्षांचे आकडे गोळा करू’ असं म्हणावंसं वाटतं. १९८६ मध्ये पीटर फिलिप्स यांनी गणिताने दाखवलं की त्याने उलटंच होतं. असंबद्ध रँडम वॉकची मालिका जितकी लांब, तितकी नेहमीची टी-चाचणी अधिकाधिक ठामपणे खोटा संबंध दाखवत जाते. आणि आर-स्क्वेअर्ड शून्याकडे जात नाही, कितीही आकडे जमवले तरी तो कुठेही रेंगाळू शकतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे, कारण ‘माहिती जास्त तर खात्री जास्त’ हा आपला साधा समज तो इथे मोडून काढतो.

याच सुमारास ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड हेन्ड्री यांनी आणखी एक उदाहरण दिलं. त्यांचा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधली किंमतपातळी त्यांनी एका मालिकेच्या आधारे फारच सुरेख ‘स्पष्ट’ करून दाखवली, पैशाच्या पुरवठ्यापेक्षाही चांगली. ती मालिका होती ब्रिटनमध्ये पडलेल्या पावसाची साठत जाणारी बेरीज. पाऊस दर वर्षी कमी-जास्त होतो, पण त्याची एकूण बेरीज कधीच घटत नाही. म्हणून ती किमतींसारखीच वर जाते. कुठल्याही अहवालात ‘आजवरचे एकूण’ असा आकडा रिग्रेशनमध्ये दिसला, की हे उदाहरण आठवावं. एकूण लाभार्थी, एकूण लावलेली झाडं, एकूण कर्जवाटप, या सगळ्या मालिका रचनेनेच चढत्या असतात.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? पहिली खूण चुकांमध्ये असते. रेषेपासून प्रत्येक वर्षाचा आकडा किती दूर आहे ते वर्षांच्या क्रमाने मांडा. सलग सात-आठ वर्षं रेषेच्या वर, मग सलग सात-आठ वर्षं खाली असा लाटेसारखा आकार दिसला, तर चुका स्वतंत्र नाहीत आणि चाचण्यांवर विसंबता येत नाही. हेच एका आकड्यात सांगणारं माप जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांनी १९५० आणि १९५१ च्या निबंधांतून दिलं. ते ० ते ४ च्या दरम्यान असतं. २ च्या जवळ असेल तर लगतच्या चुकांचा एकमेकींशी संबंध नाही; शून्याकडे झुकलं तर तो दाट आहे. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी यावरून एक अंगठेनियम सुचवला: आर-स्क्वेअर्ड हा डर्बिन-वॉटसनच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर त्या रिग्रेशनवर संशय घ्या. एक्सेल हे माप आपण होऊन देत नाही, पण चुकांची यादी देतो. तिच्यावरून ते काढता येतं.

हा नियम उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. आपल्या गावाच्या उदाहरणात डर्बिन-वॉटसन २.५६ येतो, म्हणजे आर-स्क्वेअर्डपेक्षा बराच मोठा. तिथे ही धोक्याची घंटा वाजतच नाही, कारण ते आकडे भटकत नव्हते, सरळ कलाला धरून चालले होते. ती फसवणूक उघडी पडली वार्षिक बदल आणि कॅलेंडर यांच्यामुळे. म्हणून एकाच खुणेवर थांबू नये.

वार्षिक बदलांची परीक्षा सर्वांत सोपी आणि बहुतेक वेळा सर्वांत बोलकी असते. तिच्यात आर-स्क्वेअर्ड एकदम घसरणार, हे गृहीतच धरा. तो ०.२ असला तरी त्यात खरी माहिती असू शकते, आणि पातळ्यांवरच्या ०.९७ मध्ये काहीच नसू शकते. या दोन आकड्यांची आपसात तुलना करून मोठा तो चांगला असं ठरवता येत नाही, कारण दोन्हीकडे हरवायची सरासरी वेगळी आहे. एकीकडे पातळीची, दुसरीकडे बदलाची.

पण प्रत्येक मोठा आर-स्क्वेअर्ड खोटाच असतो, असंही मानू नये. देशातला एकूण उपभोग आणि एकूण उत्पन्न दोन्ही वाढतात आणि त्यांच्यात संबंध आहेच. फक्त वार्षिक बदलच पाहिले, तर असा लांब पल्ल्याचा संबंध हातातून निसटतो. या पेचावर ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांनी १९८७ मध्ये वाट दाखवली. दोन मालिका एकेकट्या भटकत असतील, पण त्यांच्यातलं अंतर भटकत नसेल, पुन्हापुन्हा मूळ जागी परत येत असेल, तर संबंध खरा धरता येतो. याला कोइंटिग्रेशन म्हणतात. त्याची चाचणी आर-स्क्वेअर्डवर होत नाही, रिग्रेशनमधून उरलेल्या चुका भटकतात की परत येतात यावर होते. एकत्र चालणाऱ्या कलांच्या या अभ्यासासाठी ग्रेंजर यांना २००३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा एखाद्या अहवालात, प्रबंधात किंवा बातमीत वर्षानुवर्षांच्या दोन मालिका आणि त्यांच्याखाली ०.९५ असा आर-स्क्वेअर्ड दिसला, तर लिहिणाऱ्याला दोन आकडे जरूर मागा: त्या मालिकेच्या जागी नुसतं वर्ष घातलं तर आर-स्क्वेअर्ड किती येतो, आणि वार्षिक बदलांवर तो किती राहतो. दोन्ही काढायला पाच मिनिटं पुरतात. ते मिळेपर्यंत त्या ०.९५ वरून कोणताही निष्कर्ष काढू नका.